‘पूर’ची गावं फोनवर चालत नाहीत

ज्ञानेश्वर विठ्ठल वानखडे. वाशीम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत कुठंही हाक मारली तर कुणीतरी वळून बघेल, इतकं हे आपल्याकडचं नाव आहे. मराठीत लिहायला कुणाला अडचण येत नाही. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत ते तसंच्या तसं उतरतं. पण हेच नाव फोनवरून, मराठी न जाणणाऱ्या माणसाला, इंग्रजी अक्षरांत सांगायचं असेल तर तीन शब्दांत तीन वेगवेगळे खड्डे आहेत. गेली काही वर्षं माझं बरंचसं काम या खड्ड्यांतून माणसाला पार नेण्याचं आहे, म्हणून उदाहरणाला हेच नाव घेते.

मी मालेगाव तालुक्यात सेवा केंद्र चालवते. मालेगाव म्हणजे वाशीमचं, नाशिकचं नव्हे. हे वाक्य मला फोनवरही रोज म्हणावं लागतं. दाखले, बँकेचे फॉर्म, विम्याचे अर्ज ही कामं संगणकावर होतात. पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस आला की संगणक बाजूला पडतो आणि फोन सुरू होतो. पीकविम्यात कापून शेतात ठेवलेल्या पिकाचं पावसानं नुकसान झालं तर ते बहात्तर तासांच्या आत कळवावं लागायचं. ॲप होतं, पण सुडी भिजलेली, वीज गेलेली, नेट नाही, आणि साठीतल्या माणसाच्या हातात बटणांचा फोन. मग टोल-फ्री नंबर लावायचा. पलीकडे बसलेली मुलगी किंवा मुलगा देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला असू शकतो. पावतीचा क्रमांक असेल तर सगळं सोपं. पण पावती घरी राहिलेली असते, नाहीतर सुडीसारखीच भिजलेली असते, आणि मग नावावरून, गावावरून शोधाशोध सुरू होते. संगणकाला उच्चार कळत नाही. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पलीकडून येतं, “मॅडम, इस नाम से कोई एप्लिकेशन नहीं दिख रहा.”

समोर बसलेले काका विचारतात, “ताई, नाव तं माह्यं एकच हाय, मंग सापडत काहून नाही?”

नाव एकच असतं, पण इंग्रजी स्पेलिंग एकच नसतं. म्हणून फोन लावण्याआधीचं पहिलं काम म्हणजे नाव न विचारणं. काकांना “नाव सांगा” म्हटलं की ते उच्चार सांगतात, आणि उच्चारावरून मी स्पेलिंग बनवलं तर ते माझं होईल, त्यांचं नाही. मी पासबुक मागते आणि आधार मागते, आणि अर्ज भरताना यांतलं कुठलं पुढे ठेवलं होतं ते आठवायला लावते. अर्जात जे अक्षर पडलं तेच खरं, मग ते चुकीचं का असेना. पासबुकावर DNYANESHWAR VITTHAL WANKHADE असेल आणि आधारवर DNYANESHWAR VITHAL WANKHEDE. दोन्ही नोंदी करणारी माणसं वेगळी होती, दोघांनी आपापल्या कानाला पटेल ते टंकलं. तेव्हा कागद बघून, एका कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत, अक्षरा-अक्षरात जागा सोडून नाव लिहायचं. प्रत्येक अक्षराखाली जो शब्द बोलायचा तो मराठीत लिहायचा. एवढं झाल्याशिवाय मी नंबर दाबत नाही. फोनवर बोलता बोलता शब्द सुचवायला गेलं की ऐन वेळी ‘वाय’साठी काही आठवत नाही आणि पलीकडचा माणूस थांबत नाही.

आता शब्दांची मुळात गरज का पडते ते सांगते. इंग्रजी अक्षरांची नावं फार आखूड आहेत आणि त्यांतली निम्मी एकमेकांची भावंडं आहेत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही या सगळ्यांच्या शेवटी तीच ‘ई’. फरक फक्त सुरुवातीच्या एका क्षणात. ए, जे, के तशीच. एफ, एल, एम, एन, एस, एक्स यांची सुरुवात सारखी, फरक शेवटी. जुन्या पद्धतीच्या फोनमधून आवाजाचा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. बोलणं कळायला तो पुरतो, कारण वाक्यात बाकीचे शब्द मदतीला असतात. पण ‘स’चा जो सीत्कार असतो त्याचा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर असतो. तो कापला गेला की एस आणि एफ यांच्यात उरतं काय? फक्त ‘ए’. एम आणि एन यांत तर समोरासमोर बसूनही ओठ बघितल्याशिवाय गडबड होते. नव्या फोर-जी कॉलमध्ये पट्टा रुंद असतो, 7000 हर्ट्झपर्यंत, आणि फरक लगेच जाणवतो; पण तो दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर असावा लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात तशी खात्री कुणी देत नाही.

म्हणून अक्षरासोबत शब्द द्यायचा. हे सगळेच करतात. ‘डी फॉर दिल्ली’ देशात कुणालाही शिकवावं लागत नाही. अवघड भाग पुढे आहे, आणि तो मला फोनवरच कळत गेला: प्रत्येक शब्द चालत नाही.

सुरुवातीला माझ्याकडे आपली ओळखीची गावं होती. एन फॉर नागपूर, एस फॉर सोलापूर, के फॉर कोल्हापूर, जे फॉर जयपूर, आर फॉर रायपूर. ऐकायला भारदस्त, माहीत सगळ्यांना. पण रेंज कमी असली की आवाज तुटक येतो, आणि तुटताना बहुतेक वेळा शब्दाचा पहिलाच तुकडा जातो, कारण थांबून पुन्हा बोलायला लागलं की पहिला क्षण गिळला जातो. मग पलीकडे पोचतं काय, तर ‘…पूर’. नागपूरचं ‘पूर’ आणि सोलापूरचं ‘पूर’ यात कान काय निवड करणार? सोलापूर-कोल्हापूर ही जोडी तर पहिलं अक्षर सोडलं तर जवळपास जुळीच आहे. शब्द असा हवा की त्याचं डोकं गेलं तरी धडावरून तो ओळखू यावा. हे कळल्यापासून मी ‘पूर’ची सगळी गावं सोडली. एनला नेपाळ, एसला सूरत, केला केरळ, जेला जम्मू, आरला राजस्थान. ‘पूर’सारखा एकच शेवट सगळ्यांना नाही.

हे मी पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेल्या आमच्या नात्यातल्या एका काकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की हे तर त्यांच्या यादीतही घडलेलं आहे. त्यांची यादी म्हणजे अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ती तयार करवून घेतली आणि 1956 पासून ती आजच्या रूपात आहे. त्याआधी 1951च्या यादीत एनला ‘नेक्टर’ होतं आणि एक्सला ‘एक्स्ट्रा’. वापरात आल्यावर लक्षात आलं की खरखरत्या आवाजात नेक्टर आणि व्हिक्टर एक वाटतात, डेल्टा आणि एक्स्ट्रा एक वाटतात. म्हणून नेक्टरच्या जागी ‘नोव्हेंबर’ आलं आणि एक्स्ट्राच्या जागी ‘एक्स-रे’. मेट्रोचं ‘माईक’ झालं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. जगभरच्या वैमानिकांना जी अडचण आली तीच मालेगाव तालुक्यातल्या टेबलावर आली होती आणि उपायही तोच निघाला होता.

मग ती तयार यादीच मी का घेतली नाही? वायरलेसवाल्या काकांनी सव्वीस शब्द लिहून दिले, मी ते वापरूनही पाहिले. त्या यादीची खरी ताकद शब्दांत नाही, दोन्ही टोकांच्या माणसांना तेच सव्वीस पाठ असतात यात आहे. अर्धा शब्द कानावर आला तरी ऐकणारा उरलेला भरून काढतो, कारण पर्याय सव्वीसच आहेत. हेल्पलाइनवरच्या मुलीला ती यादी पाठ नसते. तिला ‘क्यू फॉर क्यूबेक’ म्हटलं की ती क्यूबेक म्हणजे काय या विचारात पडते आणि तेवढ्यात पुढची दोन अक्षरं निघून जातात. ‘डब्ल्यू फॉर व्हिस्की’ म्हटलं तर देवनागरीत विचार करणाऱ्या कानाला ते ‘व्ही’ वाटतं. शिवाय नाव सांगायला आलेल्या काकांसमोर बसून त्यांच्या विठ्ठलाच्या पुढच्या आडनावाला व्हिस्की लावणं माझ्या जिवावर येतं. त्यामुळे यादीतलं तत्त्व घेतलं, शब्द आपले ठेवले. हॉटेल, इंडिया आणि एक्स-रे एवढे मात्र तसेच घेतले, कारण ते आपलेच आहेत.

दुसरी अट लक्षात यायला जास्त वेळ लागला. शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत एकच असावं लागतं. मला सगळ्यात जवळचा शब्द ‘वाशीम’, आणि तोच वापरता येत नाही. आपण Washim लिहितो, म्हणून आपल्याला डब्ल्यू स्वाभाविक वाटतो. ज्यानं हे गाव कधी वाचलेलं नाही तो ‘वा’ ऐकतो आणि व्ही लिहितो. इंग्रजांनी तर ते Basim असं बी घालून लिहिलं होतं. वर्धा, वाराणसी, वडोदरा यांचीही तीच गत: कुठं डब्ल्यू, कुठं व्ही, हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच माहीत. ‘वॉटर’ मात्र शाळेत गेलेल्या कुणालाही डब्ल्यूनंच आठवतं. तसंच कानपूर के-नं, पण कोचीन म्हटलं की सी. फुलाबाईतला ‘फ’ एफ की पीएच, हे कागद बघितल्याशिवाय सांगताच येत नाही.

डब्ल्यूबद्दल आणखी एक. हे अक्षर उच्चाराला सगळ्यांत लांब, म्हणून त्याला शब्दाची गरज नाही असं कुणालाही वाटेल. पण आपल्याकडे ‘डबल’ म्हणायची सवय आहे. ‘डबल टी’, ‘डबल ए’. तुटक आवाजात ‘डब्ल्यू ए’ आणि ‘डबल ए’ यांत काडीचा फरक राहत नाही, आणि वानखडेची सुरुवातच ‘डब्ल्यू ए’ आहे. पलीकडे AANKHADE टंकलं जातं. विठ्ठलमध्ये ‘डबल टी एच’ म्हटलं तर त्याचे दोन अर्थ होतात: टी दोनदा आणि एच एकदा, की ‘टीएच’ दोनदा? VITTHAL आणि VITHTHAL, दोन्ही स्पेलिंगं मी कागदांवर पाहिलेली आहेत. म्हणून ‘डबल’ हा शब्द मी फोनवर पूर्ण बंद केला. “टी फॉर टेबल, फिर से टी फॉर टेबल, उसके बाद एच फॉर हॉटेल, एक बार.” लांबतं, पण एकदाच सांगावं लागतं.

आता ज्ञानेश्वरकडे येते, कारण तिथं खड्डा अक्षराच्याही आधी आहे. आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदीत तो ‘ग्य’ होतो. मी ‘ज्ञानेश्वर’ म्हणाले की उत्तरेकडचा माणूस मनात लगेच ‘ग्यानेश्वर’ करतो आणि त्याची बोटं GY वर गेलेली असतात. त्यानंतर मी कितीही स्पष्ट ‘डी’ म्हणाले तरी त्याला ते ‘जी’ ऐकू येतं, कारण त्याला जी हवा असतो. ‘ई’नं संपणारी भावंडंच ती. म्हणून या नावाला मी आधी उच्चार सांगतच नाही. पहिलं वाक्य असं: “नाम डी फॉर दिल्ली से शुरू होता है, कुल ग्यारह अक्षर हैं, तीन हिस्सों में बताती हूँ.” ग्यारह हा आकडा फार कामाचा आहे. त्याच्या पडद्यावर दहा किंवा बारा झाली की तोच थांबतो, मला पकडायला लागत नाही.

मग पहिला हिस्सा: डी फॉर दिल्ली, एन फॉर नेपाळ, वाय फॉर यमुना, ए फॉर आग्रा. थांबायचं, त्याला ‘हाँ जी’ म्हणू द्यायचं. दुसरा: एन फॉर नेपाळ, ई, एस फॉर सूरत, एच फॉर हॉटेल. तिसरा: डब्ल्यू फॉर वॉटर, ए फॉर आग्रा, आर फॉर राजस्थान. चार, चार, तीन. एका दमात अकरा अक्षरं सांगितली तर मधलं एखादं हमखास गळतं, आणि नेमकं कुठलं गळलं ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. वायला यवतमाळ म्हणावंसं मला फार वाटतं, ते आमच्या शेजारचं. पण बिहारमधल्या मुलाला यवतमाळ कशाला माहीत असेल? शब्द माझ्या ओळखीचा असून भागत नाही, तो त्याच्या ओळखीचा असावा लागतो. पलीकडून कोलकात्याच्या वळणाचं हिंदी ऐकू आलं तर मी आणखी जपते, कारण तिकडे ‘व’चा ‘ब’ होतो. तेव्हा व्हीला ‘विजय’ न म्हणता ‘व्हॅन’ म्हणते, आणि व्ही की बी ते परत विचारून घेते.

आणि मग वानखडे. आपल्या भागात वानखडेही आहेत आणि वानखेडेही आहेत. वेगळी घरं, वेगळी शेतं, कधी कधी एकाच गावात. इंग्रजीत फरक एका अक्षराचा, WANKHADE आणि WANKHEDE, आणि तो फरक नेमका ए आणि ई यांच्यातला. यापेक्षा वाईट जोडी शोधून सापडणार नाही. ए हे इंग्रजी अक्षर, आणि आपल्या कानाला ‘ए’ म्हणजे मात्रा. मी ‘ए’ म्हणाले तर मराठी मनाला ते ‘खे’ वाटतं, ‘ख’ नाही. त्यात ‘ई फॉर एलिफंट’ म्हटलं की कान ‘ए’ पकडतो आणि डोळ्यांपुढे हत्ती. आता लिहायचं काय? इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस अडखळत नाही, पण सगळे तसे नसतात. ‘इटावा’ घेतलं तर हिंदी माणूस आय लिहितो. ‘ईगल’ घेतलं तर तेच. वैमानिकांचा ‘एको’ तर सरळ ‘ए’पासूनच सुरू होतो. बराच काळ ईसाठी माझ्याकडे शब्दच नव्हता, नुसतं ‘ई’ म्हणून लांबवत होते.

पलीकडचा माणूस मराठी निघाला तर हा प्रश्न चुटकीसरशी सुटतो. “ख ला मात्रा नाही, ड ला आहे.” संपलं. अंकलिपीनं आपल्याला ही सोय लहानपणीच करून दिली आहे. ग गणपतीचा, छ छत्रीचा. आणि ज्या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाहीत ती शब्दाच्या पोटातून काढलेली: बाणातला ण, बाळातला ळ. तालुक्याच्या कार्यालयात फोन असला की मी इंग्रजीच्या वाटेला जातच नाही. तिथं ‘ठ’ आणि ‘थ’ सांगायचे असतात, आणि ‘थवा’, ‘ठसा’ अजून कधी फसले नाहीत.

हिंदीवाल्यासाठी मात्र शेवटी शब्द सापडला तो रोजच्या कामातच. पलीकडून प्रत्येक वेळी विचारतात, “ईमेल आयडी है, मॅडम?” काकांचा नसतोच, मी नाही म्हणते. एकदा तो प्रश्न येऊन गेला आणि लगेच आडनाव सांगायची पाळी आली, तेव्हा तोंडातून निघालं, “ई फॉर ईमेल.” पलीकडून ताबडतोब “ओके”. सुरुवातीला ‘ई’ हाच उच्चार, अक्षरही ई, आणि तो शब्द त्याच्या पडद्यावर लिहिलेला असतो. आता आडनाव असं जातं: डब्ल्यू फॉर वॉटर, ए फॉर आग्रा, एन फॉर नेपाळ, के फॉर केरळ. थांबा. एच फॉर हॉटेल, ए फॉर आग्रा, डी फॉर दिल्ली, ई फॉर ईमेल. आठ अक्षरं, आणि त्यानंतर एक जास्तीचं वाक्य: “एच के बाद आग्रावाला ए है, ईमेलवाला ई सिर्फ आखिर में है.” जिथं गफलत होणार हे आधीच माहीत आहे, तिथं ती होण्याची वाट कशाला बघायची?

यानंतर परत वाचून घ्यायचं. इथं बहुतेक जण घाई करतात. पलीकडचा म्हणतो, “ज्ञानेश्वर विठ्ठल वानखेडे, कन्फर्म?” आणि आपण हो म्हणतो, कारण कानाला ते आपलंच नाव वाटतं. ते नाव म्हणणं झालं, अक्षरं वाचणं नव्हे. त्याच्या पडद्यावर काय आहे ते त्यातून कळत नाही. मी म्हणते, “एक-एक अक्षर पढ़िए, अपने शब्दों में.” त्यानं माझेच शब्द परत म्हटले तर कदाचित तो नुसता पाठ म्हणत असेल. पण त्यानं ‘एन फॉर नैनिताल’ म्हटलं, ‘के फॉर काइट’ म्हटलं की खात्री पटते, कारण माझ्या नेपाळमधून अक्षर काढून त्यानं ते आपल्या शब्दात घातलेलं असतं.

नाव सापडलं की गाव. मालेगाव टाकलं की यादीत नाशिक जिल्हा आधी दिसतो. कारंजा म्हटलं की आमचं लाडांचं कारंजं आणि वर्ध्याचं कारंजा घाडगे. शिरपूर म्हटलं की धुळ्याचं. इथं स्पेलिंग बिनचूक असूनही माणूस भलत्या जिल्ह्यात जातो, म्हणून जिल्हा आधी, मग तालुका, मग गाव, असा वरून खाली क्रम ठेवते. आणि जिल्हा सांगताना वाशीमचंही स्पेलिंग सांगावंच लागतं: डब्ल्यू फॉर वॉटर, ए फॉर आग्रा, एस फॉर सूरत, एच फॉर हॉटेल, आय फॉर इंडिया, एम फॉर मुंबई.

शेवटी तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो घेताना मी एकेक आकडा सुटा घेते, ‘उनसठ’ किंवा ‘उनहत्तर’ नको म्हणून सांगते, तो लिहिते आणि परत वाचते. काका तोवर पासबुक पिशवीत ठेवू लागलेले असतात. त्यांना थांबवते आणि पासबुकाच्या झेरॉक्सच्या पाठीवर तो क्रमांक, तारीख, वेळ आणि त्याखाली अक्षराखाली शब्द लिहिलेलं ते नाव उतरवून देते. पंचनाम्याला कुणी आलं नाही तर पुढचा फोन काकांचा नातू घरूनच लावील, आणि त्याच्यापुढे तो कागद असेल.